एका लाभांशावर दोन देशांचा हक्क

समजा, स्नेहल पुण्यात राहते आणि हिंजवडीतल्या एका अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेत नोकरी करते. पगाराबरोबर तिला दरवर्षी मूळ कंपनीचे काही शेअर मिळतात. ते अमेरिकेतल्या ब्रोकरकडच्या खात्यात जमा होतात आणि कंपनी दर तिमाहीला त्यांच्यावर लाभांश देते. वर्षभरात असा एक लाख रुपयांचा लाभांश जाहीर झाला, पण खात्यात आले पंचाहत्तर हजार. उरलेले पंचवीस हजार अमेरिकी सरकारने आधीच कापून घेतले. मार्च संपल्यावर सीएकडे गेल्यावर तिला कळतं की भारतातल्या रिटर्नमध्येही हा लाभांश दाखवायचा आहे, आणि तोही पंचाहत्तर हजार नव्हे, पूर्ण एक लाख.

तिचा पहिला प्रश्न साहजिक असतो: एकाच पैशावर दोन सरकारं कर कसा मागू शकतात? दोघांचेही दावे कायदेशीर आहेत. फक्त ते वेगवेगळ्या आधारांवर उभे आहेत.

अमेरिकेचा दावा पैशाच्या उगमावर आहे. नफा तिथल्या कंपनीने कमावला, त्या कंपनीला बाजारपेठ, न्यायालयं आणि रस्ते तिथल्या सरकारने पुरवले, म्हणून तिथून निघणाऱ्या उत्पन्नात त्या सरकारचा वाटा. शेअर कोणाच्या नावावर आहे याच्याशी या दाव्याला देणंघेणं नाही. भारताचा दावा स्नेहलवर आहे. ती इथे राहते, इथल्या सोयी वापरते, म्हणून तिने आपल्या ऐपतीप्रमाणे इथे कर भरावा. ऐपत मोजायची तर जगात कुठूनही आलेलं उत्पन्न धरावं लागतं. नाहीतर वीस लाख पगार असलेला माणूस आणि दहा लाख पगार अधिक दहा लाख परदेशी लाभांश असलेला माणूस यांच्यावर वेगवेगळा कर बसेल.

प्रत्येक मोठा देश हे दोन्ही दावे करतो, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. परका माणूस इथे कमावतो तेव्हा देश उगमाचं बोट धरतो. आपला माणूस बाहेर कमावतो तेव्हा काय करायचं, इथे मात्र वाटा फुटतात. भारत, अमेरिका, जर्मनी, जपान आपल्या रहिवाशांच्या जगभरच्या उत्पन्नावर हक्क सांगतात. हाँगकाँगसारखे प्रदेश तो हक्क सोडून देतात: आमच्या हद्दीत जे उपजलं तेवढंच आमचं, बाहेरचं तुमचं तुम्ही बघा. पहिल्या पद्धतीला जागतिक करआकारणी म्हणतात आणि दुसरीला प्रादेशिक.

दोन हक्क एकमेकांवर आदळले तर आधी कोण, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर तीव्र झाला, कारण युद्धखर्चामुळे सगळीकडेच आयकराचे दर चढले होते. राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना त्याचा अभ्यास करायला सांगितलं: हॉलंडचे ब्रुइन्स, अमेरिकेचे सेलिगमन, ब्रिटनचे सर जोसाया स्टॅम्प आणि इटलीचे लुइजी एइनाउदी. एइनाउदी पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९२३च्या त्यांच्या अहवालाचा कल असा होता की जमीनजुमल्याचं उत्पन्न उगमाच्या देशाकडे जावं आणि शेअर-रोख्यांसारख्या फिरत्या संपत्तीचं रहिवासाच्या देशाकडे. यात भांडवल पुरवणाऱ्या श्रीमंत देशांची सोय होती, कारण गुंतवणूकदार त्यांच्याकडे राहत होते. भांडवल घेणाऱ्या देशांना ते परवडणारं नव्हतं. पुढे करार होत गेले तसा एक मधला मार्ग रुळला. लाभांश आणि व्याज यांवर उगमाच्या देशाने आधी कर घ्यावा, पण ठरलेल्या मर्यादेतच. आणि रहिवासाच्या देशाने आपला कर लावताना आधी भरलेला कर वजा द्यावा.

भारत आणि अमेरिका यांच्यातला असा करार १९८९चा आहे. त्यात स्नेहलसारख्या व्यक्तीच्या लाभांशावर उगमाचा देश २५ टक्क्यांपर्यंत कर घेऊ शकतो. हा दर बराच चढा आहे. भारताने इतर अनेक देशांशी केलेल्या करारांत तो १० किंवा १५ टक्के आहे. १९८९ साली भारत बाहेरून भांडवल आणणारा देश होता आणि अशा देशाला उगमावरचा दर उंच असलेला बरा वाटतो. पण दर दोन्ही बाजूंना लागू असतो. पुण्यातल्या हजारो घरांत अमेरिकी शेअर असतील, हे चित्र त्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे असण्याचं कारण नव्हतं.

आता हिशेब करू. २०२५-२६ या आर्थिक वर्षात स्नेहलचं करपात्र उत्पन्न, लाभांशाचा एक लाख धरून, वीस लाख आहे आणि तिने नवी करप्रणाली घेतली आहे. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे वीस हजार, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे चाळीस हजार, मग १५ टक्क्यांनी साठ हजार आणि शेवटच्या चार लाखांवर २० टक्क्यांनी ऐंशी हजार. एकूण दोन लाख, त्यावर चार टक्के सेस, म्हणजे दोन लाख आठ हजार रुपये.

तिला वाटतं, यातून अमेरिकेत कापलेले पंचवीस हजार वजा होतील. तसं होत नाही. करार सांगतो की वजावट मिळेल, पण त्या परदेशी उत्पन्नाच्या वाट्याला भारतीय कराचा जेवढा भाग येतो तेवढीच. हा भाग काढायची प्रचलित रीत सरासरी दराची आहे. वीस लाखांवर दोन लाख आठ हजार, म्हणजे सरासरी १०.४ टक्के. एक लाखाच्या लाभांशाच्या वाट्याला आले दहा हजार चारशे. तेवढंच क्रेडिट मिळतं. बाकीचे चौदा हजार सहाशे अमेरिकेतही परत मिळत नाहीत आणि भारतातही वळते होत नाहीत.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी उघड होतं. हा लाभांश आलाच नसता तर तिचा कर एक लाख सत्याऐंशी हजार दोनशे झाला असता. लाभांशामुळे तो वीस हजार आठशेने वाढला, कारण वरचा लाख रुपया २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये पडतो. कर वाढतो वरच्या स्लॅबच्या दराने आणि क्रेडिट मिळतं सरासरी दराने. म्हणून अमेरिकेत पंचवीस हजार देऊन झाल्यावर तिला भारतातही दहा हजार चारशे भरावे लागतात. एक लाखाच्या लाभांशावर एकूण पस्तीस हजार चारशे. ‘दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार’ असं भारदस्त नाव असलेल्या दस्तऐवजाखाली एक मध्यम पगाराची नोकरदार बाई प्रत्यक्षात दुहेरी कराचा काही भाग सोसते. मला हे योग्य वाटत नाही. ज्यांचं उत्पन्न फार मोठं आहे त्यांचा सरासरी दर २५ टक्क्यांच्या वर जातो, त्यामुळे त्यांना पूर्ण क्रेडिट मिळतं. झळ बसते ती मधल्या आणि खालच्या स्लॅबवाल्यांना. कराराचा दर १५ टक्क्यांवर आणला तर ती बरीच कमी होईल. या मागणीत श्रीमंतांचं भलं करण्यासारखं काही नाही.

हीच स्नेहल सिंगापूरला राहत असती तर? सिंगापूरचा अमेरिकेशी असा सर्वसाधारण आयकर करार नाही, म्हणून अमेरिकेने तिथे सवलतीचा दर न देता पूर्ण ३० टक्के कापले असते. पण सिंगापूर व्यक्तीला बाहेरून आलेल्या लाभांशावर कर लावत नाही. एकूण कर तीस हजार, आणि क्रेडिटचा फॉर्म भरायची गरजच नाही. करार असलेल्या देशात पस्तीस हजार चारशे आणि करार नसलेल्या देशात तीस हजार! रहिवासाचा हक्क सोडून दिल्याने माणसाचं काय वाचतं ते या एका तुलनेत दिसतं.

मग सगळ्यांनीच प्रादेशिक पद्धत का घेऊ नये? कारण मग सगळा भार एकाच प्रश्नावर येतो: उत्पन्न उपजलं कुठे? घरभाड्याच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, घर हलत नाही. पण व्याज, स्वामित्वधन, सल्ल्याची फी यांचा उगम कागदावर हलवता येतो. कर्ज कोणत्या कंपनीच्या नावाने द्यायचं, पेटंट कोणत्या देशातल्या कंपनीकडे ठेवायचं, हे वकील ठरवू शकतात. आपलं उत्पन्न बाहेरचं आहे असं दाखवण्याचा मोह प्रादेशिक देशात फार मोठा असतो. युरोपीय संघाच्या दबावानंतर खुद्द हाँगकाँगलाही २०२३पासून बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या बाहेरून आलेल्या उत्पन्नावर अटी घालाव्या लागल्या. पगारदाराला मात्र उगम हलवता येत नाही. तो जिथे काम करतो तिथेच त्याचा पगार उपजतो.

स्नेहलच्या शेअरचंच उदाहरण घेतलं तरी प्रत्येक टप्प्यावर हक्काचं पारडं कसं बदलतं ते दिसतं. शेअर प्रथम तिच्या नावावर होतात, म्हणजे व्हेस्ट होतात, तेव्हा त्या दिवसाची किंमत तिच्या पगारात धरली जाते. देणारी कंपनी अमेरिकी असली तरी काम हिंजवडीत झालं, म्हणून उगमही इथलाच आणि रहिवासही इथलाच. अमेरिकेचा काही संबंध नाही; भारतातली शाखा टीडीएस कापते. लाभांशावर दोघांचे हक्क, ते आपण पाहिलं. शेअर विकून नफा झाला तर अमेरिका तिच्यासारख्या अनिवासी परदेशी व्यक्तीकडून सहसा काहीच घेत नाही. तो नफा पूर्णपणे भारताच्या हाती. चोवीस महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या परदेशी शेअरवर साडेबारा टक्के आणि सेस, त्याआधी विकले तर स्लॅबप्रमाणे. इथे एक चूक वारंवार घडते. व्हेस्ट होताना जी किंमत पगारात धरून कर भरला, तीच खरेदीची किंमत असते. ती न धरता विक्रीची सगळी रक्कम नफा म्हणून दाखवणारे लोक एकाच पैशावर भारतातच दोनदा कर भरतात.

शेवटचा टप्पा बोलायला अवघड आहे, पण सांगायलाच हवा. शेअरधारकाचा मृत्यू झाला तर अमेरिका वारसा संपत्तीवर कर मागते, आणि तो हक्कही उगमाचाच. मृत व्यक्ती कुठेही राहत असो, अमेरिकी कंपनीचे शेअर ही अमेरिकेतली मालमत्ता मानली जाते. तिथल्या नागरिकांना यात फार मोठी सूट आहे. अनिवासी परदेशी व्यक्तीला फक्त ६० हजार डॉलरची. त्यावरच्या रकमेवर दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. भारताने आपला मृत्युकर १९८५ सालीच रद्द केला आणि या विषयावर दोन देशांत करार नाही. अमेरिकी शेअर वर्षानुवर्षं साठवत गेलेल्या नोकरदारांनी ही मर्यादा ओलांडल्यावर तरी घरच्यांना याची कल्पना द्यावी.

क्रेडिट मिळवायची प्रक्रिया किचकट नाही, पण एक धागा सुटला तर सगळं सुटतं. अमेरिकी ब्रोकरकडे ‘डब्ल्यू-८बेन’ हा फॉर्म भरून आपण भारताचे रहिवासी आहोत असं सांगावं लागतं. नाहीतर २५ टक्क्यांचा करारातला दर मिळत नाही. तो साधारण तीन वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. कापलेल्या कराचं ब्रोकरचं प्रमाणपत्र जानेवारी ते डिसेंबर असं असतं आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. प्रमाणपत्रावरचा आकडा जसाच्या तसा उचलला की मागच्या जानेवारी-मार्चचा कर यंदाच्या उत्पन्नासमोर जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक तिमाहीचा लाभांश स्वतंत्र मांडून आपल्या वर्षात बसवायचा. २०२५-२६चं रिटर्न १९६१च्या जुन्या कायद्याखालीच जातं, तेव्हा क्रेडिटसाठी फॉर्म ६७ लागतो. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी फॉर्मचे क्रमांक तपासून घ्यावेत.

याशिवाय रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा एक वेगळा तक्ता असतो. लाभांश आला नाही, शेअर विकले नाहीत, तरी नुसते जवळ असले तरी त्यात लिहावे लागतात. ते न लिहिल्यास काळा पैसा विरोधी कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४पासून, घरजमीन सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही; पण लिहायचं कर्तव्य तसंच राहतं. रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर हक्क सांगणाऱ्या देशाला जगभरची माहितीही लागते. ती माहिती परस्परांना देण्याचा करार भारत आणि अमेरिका यांनी २०१५ साली केला.

हे सगळं स्नेहल पुण्यात आहे असं धरून झालं. तिला कंपनीने तीन-चार वर्षांसाठी कॅलिफोर्नियात पाठवलं तर? भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो त्या वर्षी तो इथे १८२ किंवा अधिक दिवस राहिला असेल तर रहिवासी, त्याहून कमी असेल तर अनिवासी. ती २० सप्टेंबर २०२५ला गेली असेल तर १ एप्रिलपासून १७३ दिवस होतात. ती त्या पूर्ण आर्थिक वर्षासाठी अनिवासी, आणि अमेरिकेतल्या पगाराशी भारताचा संबंध संपतो. तीच १० ऑक्टोबरला गेली तर १९३ दिवस. आता ती पूर्ण वर्षासाठी रहिवासी ठरते, कारण आपल्याकडे वर्षाचे दोन तुकडे करायची सोय नाही. ऑक्टोबर ते मार्चचा कॅलिफोर्नियातला पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये येतो. वीस दिवसांचा फरक, पण सहा महिन्यांच्या डॉलरमधल्या पगाराचा हिशेब बदलतो. कंपन्या व्हिसा आणि विमानाच्या तारखा ठरवतात तेव्हा हे दिवस क्वचितच कोणी मोजतं. जाणाऱ्याने स्वतःच मोजायला हवेत.

त्यातही एक गुंता आहे. अमेरिका दिवस कॅलेंडर वर्षाने मोजते. २०२६ सालभर तिथे राहिली तर ती १ जानेवारीपासून अमेरिकेची रहिवासी, आणि ३१ मार्चपर्यंत ती भारताचीही रहिवासी आहेच. या तीन महिन्यांत दोन्ही देश तिच्या जगभरच्या उत्पन्नावर हक्क सांगतात. तिढा सोडवायला करारात क्रमाने कसोट्या दिल्या आहेत: कायमचं घर कुठे आहे, दोन्हीकडे असेल तर माणसांचे आणि पैशाचे संबंध कुठे जास्त घट्ट आहेत, तेही ठरत नसेल तर राहणं नेहमी कुठे, मग नागरिकत्व, आणि तरीही सुटलं नाही तर दोन्ही सरकारांनी बसून ठरवायचं. नवरा आणि मुलं पुण्यात राहिली असतील आणि तिथे तिने वर्षभराच्या भाड्याने घर घेतलं असेल तर पारडं भारताकडे झुकण्याची शक्यता जास्त. भाडेकरार, मुलांच्या शाळेची पावती, बँकेचे व्यवहार, असे साधे कागद इथे पुरावा ठरतात.

दहा-बारा वर्षांनी परतणाऱ्यांसाठी भारताचा कायदा काही काळ वेगळंच रूप घेतो. मागच्या दहापैकी नऊ वर्षं जो अनिवासी होता, किंवा मागच्या सात वर्षांत जो इथे ७२९ किंवा त्याहून कमी दिवस होता, तो परतल्यावर रहिवासी होतो, पण ‘सामान्य रहिवासी’ होत नाही. ही अवस्था बहुतेकांना दोन, कधी तीन वर्षं मिळते. त्या काळात भारत त्याच्याशी प्रादेशिक देशासारखा वागतो: इथे उपजलेल्या किंवा थेट इथे जमा झालेल्या उत्पन्नावर कर, आणि बाहेरच्या उत्पन्नावर, इथून चालवलेला धंदा सोडला तर, काही नाही. ग्रीन कार्ड सोडून परतलेल्या माणसाने याच काळात आपले अमेरिकी शेअर विकले आणि पैसे आधी तिथल्याच खात्यात घेतले, तर अमेरिका तो अनिवासी म्हणून नफ्यावर कर घेत नाही आणि भारत तो सामान्य रहिवासी नाही म्हणून घेत नाही. हा नियम परतणाऱ्यांना घडी बसवायला वेळ देतो, हे मला मान्य आहे. पण त्याच इमारतीत राहणाऱ्या, कधीच बाहेर न गेलेल्या स्नेहलला लाभांशावर पस्तीस टक्के आणि शेजाऱ्याला नफ्यावर शून्य, हे बरोबर ठेवून पाहिलं की ऐपतीप्रमाणे कर या तत्त्वाला आपण कुठे मुरड घातली ते कळतं.

ग्रीन कार्डचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकेकडे तिसरा हक्कही आहे, नागरिकत्वाचा. बाकी जगात माणूस देश सोडून गेला की रहिवासाचा दावा संपतो. अमेरिकी नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेचा दावा चालू राहतो. इरिट्रिया सोडला तर असं करणारा देश जवळपास नाही. याचा परिणाम पुण्या-ठाण्यातल्या अनेक घरांत होतो. आईवडील तिकडे नोकरीला असताना न्यू जर्सीत जन्मलेलं मूल जन्मानेच अमेरिकी नागरिक असतं. ते दोन वर्षांचं असताना कुटुंब परत येतं, मूल इथेच शिकतं, इथेच नोकरीला लागतं. उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेलं की त्याने अमेरिकेतही दरवर्षी रिटर्न भरायचं असतं. भारतातल्या खात्यांत मिळून कधीही १० हजार डॉलरहून जास्त रक्कम झाली तर त्याची वेगळी माहिती द्यायची असते. त्याच्या नावाने उघडलेल्या पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिका ते करपात्र धरते, आणि भारतातल्या म्युच्युअल फंडांना तिथे फार जाचक नियम लागतात. बँकेत खातं उघडताना ‘आपण दुसऱ्या देशाचे करदाते आहात का’ असा रकाना असतो. या मुलांनी त्यात ‘हो’ लिहायचं असतं, आणि त्याच्या नावाने पहिली एसआयपी सुरू करण्याआधी आईवडिलांनी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएला विचारायचं असतं.